रात्रपाळीनंतरचा व्यायाम: आधी झोप, मग घाम

‘व्यायाम सकाळीच करावा’ हा उपदेश दिवसपाळीचा आहे. पोलाद कारखान्यातून सकाळी सहाला सुटलेला कामगार थेट व्यायामशाळेत गेला, तर शरीराचे तापमान चढते. गाढ झोपेसाठी मात्र ते उतरावे लागते. वाटेतले ऊनही मेंदूतील घड्याळाला दिवस उजाडल्याचे सांगते. त्याने आठ ते तीन झोपावे, उठून हलके खावे, पाचला व्यायाम करावा आणि साडेसातला मुख्य जेवण घ्यावे. मध्यरात्रीनंतर शरीर साखर नीट हाताळत नाही. तेव्हा भरपेट जेवण टाळावे. झोप अपुरी झाली, त्या दिवशी जड व्यायाम सोडावा. पाळी दर आठवड्याला बदलत असेल, तर हे वेळापत्रक टिकत नाही. तेथे दोष कामगाराच्या आळसाचा नसून पाळीच्या आखणीचा असतो.