शून्याला कितीने गुणणार?

टीममधला एखादा ढेपाळला की मॅनेजर लोक दोनच गोष्टी करतात: 'घरी काहीतरी प्रॉब्लेम असेल' असा अंदाज, नाहीतर बोनसचं गाजर. अहो, आधी त्याला विचारा तरी!

व्हिक्टर व्रूमने १९६४ मध्येच सांगून ठेवलंय की प्रेरणा हा गुणाकार आहे. कष्ट केले तर काम जमेल का? जमलं तर त्याचं फळ मिळेल का? आणि ते फळ मला हवंय का?

आमच्या एकाला मी हेच तीन प्रश्न विचारले. बग प्रॉडक्शनवरचे, पण तिथले लॉग बघायची परवानगीच त्याला नव्हती! म्हणजे पहिलाच आकडा शून्य. बोनसने फार तर तिसरा वाढला असता. परवानगी मिळाली आणि गडी आपणहून बग मागायला लागला.