फवारणीनंतरचा त्रास उन्हाचा समजू नका

माझ्याकडे कपाशी फवारून आलेला एक सालगडी आणला. डोके दुखत होते, घाम, उलट्या. घरच्यांनी ‘ऊन लागले’ म्हणून लिंबूपाणी पाजले होते. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतील बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या होत्या, धाप लागली होती. ही विषबाधा! माझ्या मते फवारणीनंतरचा असा त्रास विषबाधाच धरावा, बाहुल्या बारीक नसल्या तरीही. विष कातडीतूनही भिनते. म्हणून भिजलेले कपडे आधी उतरवा, अंग व केस साबणाने धुवा, धुणाऱ्याने हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. उलटी मुद्दाम काढू नका, कुशीवर निजवा. धाप असेल तर अंगावर भरपूर पाणी ओतून लगेच निघा. १०८ ला फोन करा. औषधाचा डबा सोबत आणा, उतारा त्यावरूनही ठरतो.