अध्यक्षांचे मनोगत वाचताना



जिनिंग सोसायटीचा वार्षिक अहवाल आला की आपण लाभांश पाहतो आणि तो बाजूला ठेवतो. तोट्याच्या वर्षी मात्र अध्यक्षांचे मनोगत आधी वाचावे. ‘पावसाने दगा दिला, बाजार पडला, तरीही संस्था प्रगतिपथावर आहे’ एवढेच त्यात असेल, तर हिशेब मिळालाच नाही असे समजा.

अमेरिकेतील बर्कशायर हॅथवे कंपनीचे अध्यक्ष वॉरन बफे यांचे २००८ सालचे मनोगत पाहा. कंपनीचे पुस्तकी मूल्य शेअरमागे ९.६ टक्क्यांनी घटले, हे पहिल्याच वाक्यात आहे. त्या वर्षी मंदी होती, पण तिच्याआड ते लपले नाहीत. तेलाचे भाव शिखरावर असताना एका तेल कंपनीचे सुमारे ७ अब्ज डॉलरचे शेअर घेतले, वर्षअखेर ते ४.४ अब्जांचे राहिले आणि निर्णय आपलाच होता, हे त्यांनी लिहिले. भरवसा दिला तो १९६५ पासूनच्या तक्त्याने: ४४ वर्षांत घट फक्त दोनदा. पुढचे वर्ष सुखाचे जाईल असे आश्वासन त्यांनी दिले नाही.

आपल्या सभेत हेच विचारा. कापूस कोणत्या दराने घेतला? गाठी भाववाढीच्या आशेने किती महिने रोखल्या? त्यावर व्याज किती चढले? आभाळाचा तोटा वेगळा, निर्णयाचा वेगळा. दोन्ही आकडे सुटे मांडणाऱ्या अध्यक्षाच्या ‘पुढे सावरू’ या शब्दालाच वजन असते.