विश्लेषण : फाशामागे दडलेले ‘हो’ आणि ‘नाही’… खरा आकडा कसा काढतात?

काही प्रश्नांना माणूस खरे उत्तर देत नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर लागणारा ‘आकडा’ आणि नंतर १९६० च्या दशकात कल्याणजी भगत, रतन खत्री यांच्या नावाने रुजलेला मटका गिरणगावात सर्वांना ठाऊक होता. पण ‘तुम्ही खेळता का?’ असे थेट विचारले तर उत्तर ‘नाही’च येणार. आज चिठ्ठीची जागा मोबाइलने घेतली, उत्तर मात्र बदललेले नाही. अशा प्रश्नांसाठी संख्याशास्त्रात एक जुनी युक्ती आहे. तिला यादृच्छिक प्रतिसाद पद्धत म्हणतात.

ही पद्धत नेमकी काय?

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ स्टॅनली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली. उत्तर देणाऱ्याने आधी एखादे यादृच्छिक साधन वापरायचे आणि त्याचा निकाल विचारणाऱ्याला दिसू द्यायचा नाही. त्यामुळे एकट्या माणसाच्या उत्तरातून ठाम काही सिद्ध होत नाही, पण सगळ्यांची उत्तरे एकत्र केली की खरे प्रमाण काढता येते. भारतात अरिजित चौधुरी आणि राहुल मुखर्जी या संख्याशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये या विषयावर सविस्तर ग्रंथ लिहिला. वॉर्नर यांच्यानंतर या पद्धतीची अनेक रूपे आली. त्यातले समजायला सर्वांत सोपे रूप फाशाचे.

फासा काय ठरवतो?

समजा, लालबाग-परळच्या चाळींत २४० प्रौढांना विचारायचे आहे : ‘गेल्या १२ महिन्यांत तुम्ही आकड्यावर किंवा मोबाइलवरच्या सट्ट्यावर पैसे लावले का?’ प्रत्येकाच्या हाती झाकणाचा डबा आणि सापशिडीचा फासा दिला जातो. तो हलवून एकट्यानेच पाहायचा. १ पडला तर खरे काहीही असो, ‘हो’ म्हणायचे. ६ पडला तर ‘नाही’ म्हणायचे. २ ते ५ पैकी काही पडले तर खरे उत्तर द्यायचे. ‘हो’ ऐकणाऱ्याला ते फाशाचे की माणसाचे, हे कळायला मार्ग नसतो.

कागदावरच्या रेघांपासून टक्केवारी कशी येते?

सर्वेक्षक कागदावर ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन ओळी करतो. प्रत्येक उत्तराला एक रेघ, चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी. शेवटी कागदाचा फोटो काढून कार्यालयात पाठवतो. या काल्पनिक उदाहरणात फोटोतल्या ‘हो’च्या ओळीत १५ जुड्या आणि १ सुटी रेघ आहे, म्हणजे ७६. ‘नाही’च्या ओळीत ३२ जुड्या आणि ४ रेघा, म्हणजे १६४. बेरीज २४० येते, म्हणजे कोणाचेही उत्तर गळलेले नाही.

७६ ला २४० ने भागले तर सुमारे ३२ टक्के येतात. हे खरे प्रमाण नव्हे. २४० जणांपैकी साधारण सहाव्या हिश्श्याला, म्हणजे ४० जणांना, फाशाने ‘हो’ म्हणायला लावले असणार. आणखी ४० जणांना ‘नाही’ म्हणायला लावले असणार. खरे उत्तर देणारे उरले १६०. ७६ मधून फाशाचे ४० वजा केले की ३६ राहतात. १६० पैकी ३६, म्हणजे २२.५ टक्के. हा खऱ्या प्रमाणाचा अंदाज.

गोपनीयतेची किंमत किती?

फासा प्रत्येक वेळी नेमके ४० ‘हो’ देईल असे नाही. कधी ३४ येतील, कधी ४७. ही अनिश्चितता अंदाजात मिसळते. २४० जणांना थेट विचारले असते आणि सगळे खरे बोलले असते, तर २२.५ टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना साधारण ५ टक्के-बिंदूंची चूक धरावी लागली असती. फाशामुळे ती सुमारे ९ बिंदूंवर जाते. म्हणजे खरे प्रमाण १४ ते ३१ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. थेट प्रश्नाइतकी अचूकता हवी असेल तर जवळपास पावणेतीनपट, म्हणजे सुमारे ६७० माणसे लागतील. म्हणून ही पद्धत तिथेच वापरावी, जिथे लोक खोटे बोलण्याचा धोका या किमतीहून मोठा आहे. ‘तुम्ही बेस्टच्या बसने जाता का’ यासाठी फासा कशाला?

फोटो वाचताना कुठे चुकते?

फोटोत कागदाच्या घडीवर एक जुडी दिसली नाही, तर ‘हो’ ७६ ऐवजी ७१ मोजले जातील आणि अंदाज २२.५ वरून १९.४ टक्क्यांवर घसरेल. थेट प्रश्नात पाच रेघांची चूक २ बिंदूंची असती. इथे ती ३ बिंदूंहून मोठी होते, कारण फाशाचे उत्तर वजा केल्यावर प्रत्येक चूक दीडपट होते. अशी गळती बेरजेत पकडली जाते, कारण एकूण २४० ऐवजी २३५ भरते. पण सर्वेक्षकाने रेघच चुकीच्या ओळीत मारली तर बेरीज बरोबरच राहते आणि ती चूक नंतर फोटोतून सापडत नाही. म्हणून रेघ उत्तर ऐकताक्षणी मारावी आणि फोटो दोन माणसांनी स्वतंत्रपणे मोजावा.

लोक तरी नियम पाळतात का?

खरी अडचण इथे आहे. फाशावर १ पडला, माणूस सट्टा खेळतच नाही, तरी त्याला ‘हो’ म्हणायचे आहे. चाळीच्या गॅलरीत शेजारी ऐकत असेल तर तो सहज ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. असे बरेच जण निघाले तर अंदाज खाली येतो. ‘हो’ फक्त ३४ आले, तर ४० वजा केल्यावर उणे ६ उरतात. प्रमाण उणे असू शकत नाही. थोडे उणे योगायोगानेही येते, पण ते बरेच खाली असेल तर लोकांनी नियम मोडल्याची शंका घ्यावी. मात्र अंदाज उणे नसला म्हणून सगळे ठीक असे नाही. पडताळणीसाठी लोकांचे यादृच्छिकपणे दोन गट करून एका गटाला ‘१ वर हो’, तर दुसऱ्याला ‘१ किंवा २ वर हो’ असा नियम देतात. दोन्ही गटांचे अंदाज फारच वेगळे आले तर नियम पाळला गेलेला नाही.

मग ‘हो’ म्हणणारा पूर्ण सुरक्षित आहे का?

नाही. वरच्या ७६ ‘हो’मध्ये ३६ खरे उत्तर देणारे खेळाडू आहेत. फाशाने ‘हो’ म्हणायला लावलेल्या ४० जणांतही याच प्रमाणात सुमारे ९ खेळाडू असणार. म्हणजे ७६ पैकी ४५, जवळपास ५९ टक्के. ‘हो’ ऐकण्याआधी त्या माणसावर २२.५ टक्के संशय होता, तो आता ५९ टक्क्यांवर गेला. फासा पुरावा पुसतो, संशय पुसत नाही. त्यामुळे कागदावर नाव, खोली क्रमांक किंवा उत्तरांचा क्रम असू नये. दोन ओळींतल्या रेघांमध्ये क्रम आपोआप हरवतो. एकाखाली एक लिहिलेल्या यादीत तो राहतो आणि चाळीत कोणते दार कितवे होते, हे सर्वांना ठाऊक असते. अशा यादीचा फोटो एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला, तर फाशाने दिलेला आडोसा बराचसा निघून जातो.