फुकट विजेचं बिल शेजारच्या विहिरीवर

जळगाव जिल्ह्यातले रावेर आणि यावल हे केळीचे तालुके भूजलाच्या सरकारी मोजणीत ‘अतिशोषित’ ठरले आहेत. पावसाने जमिनीत जेवढं पाणी मुरतं त्याहून जास्त तिथे दरवर्षी उपसलं जातं. हे दुष्काळाचं संकट नाही, चांगल्या पावसातही ते टळत नाही. धुळ्याच्या देवपुरात बसून व्यावसायिक अर्थशास्त्रात ‘बाह्यता’ आणि ‘बाजाराचे अपयश’ शिकणाऱ्यांनी हा धडा तापीकाठी जाऊन वाचावा, आणि तो आत्ताच वाचायला हवा.

जमिनीखालचं पाणी बांध ओळखत नाही. मानूया, एकाच जलधरावर चाळीस बोअर आहेत आणि एकाने आणखी एक पंप बसवला. त्याला वर्षाला 60,000 रुपये जास्त मिळतात. पण पातळी खाली गेल्याने उरलेल्या एकोणचाळीस जणांना बोअर खोल करणं, मोटर बदलणं, पीक हातचं जाणं यापायी वर्षाला सरासरी 2,000 रुपयांचा फटका बसतो. एकूण 78,000. म्हणजे गावाचा 18,000 रुपयांचा तोटा झाला, तरी पंप बसवणाऱ्याचा हिशेब चोख आहे, कारण दुसऱ्यांचा खर्च त्याच्या वहीत येतच नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने थांबायचं ठरवलं तर ते पाणी शेजारी उपसणार, हे त्याला पक्कं माहीत आहे. यात पहिल्यांदा आटते ती लहान शेतकऱ्याची उथळ विहीर आणि गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर.

अशा वेळी सरकारने उपशाची किंमत वाढवावी किंवा उपशाला मर्यादा घालावी, असं अर्थशास्त्र सांगतं. आपल्याकडे नेमकं उलट झालं. 2024 पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. शेतकऱ्याला मदत हवी, याबद्दल आमचं दुमत नाही. पण ही मदत पाणी उपसण्याच्या प्रत्येक तासाला बांधलेली आहे. जास्त उपसलं तर खर्च वाढत नाही, कमी उपसलं तर काही वाचत नाही. सौर पंपांनी तर वीजपुरवठ्याचे तास ठरवण्याचा अखेरचा लगामही सुटतो.

मर्यादेसाठी कायदा आहे. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्याने शेती आणि उद्योगांसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरींना मनाई केली आहे. खानदेशात बोअरची गाडी किती फुटांवर थांबते, हे इथल्या कुणालाही विचारावं.

पुनर्भरणाचं काम मात्र उत्साहाने होतं, आणि व्हायलाच हवं. मुरवलेलं पाणी कुणाच्या नावावर राहत नाही, म्हणून बंधाऱ्यावर एकटा शेतकरी पैसे घालत नाही. हे काम सार्वजनिक वस्तूसारखं आहे, ते सरकारने किंवा गावाने मिळूनच करावं लागतं. सुरेश खानापूरकरांच्या देखरेखीखाली शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून पाणी मुरवलं गेलं, त्याचा गवगवा राज्यभर झाला. पण वाढलेल्या पाण्यावर उपशाची मर्यादा नसेल तर ते नव्या बोअरमधून नव्या केळीला जातं, आणि दोन-चार वर्षांत हिशेब पुन्हा तिथेच येतो.

पाणी मर्यादेत वाटून घेण्याचं शहाणपण खानदेशाला परकं नाही. देवपूरला लागून वाहणाऱ्या पांझरेवर फड पद्धत शतकानुशतकं चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकऱ्याने द्यायचं आणि राखण जागल्याने करायची. पाटाचं पाणी सर्वांना दिसत होतं, म्हणून चोरीही दिसत होती. भूजल दिसत नाही, त्यामुळे तिथे आधी मोजणी लागते. हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून, शेतीसाठी बोअरला आणि ऊस-केळीला बंदी करून हे करून दाखवलं. केळीवर पोट असलेल्या रावेरला ती बंदी जशीच्या तशी लागू करता येणार नाही, हेही मान्य करावं लागेल.

तिथे पंजाबची वाट अधिक उपयोगी आहे. 2018 मध्ये त्या राज्याने ‘पानी बचाओ, पैसे कमाओ’ ही योजना सुरू केली. शेतकऱ्याला विजेचा ठरावीक कोटा मोफत, आणि त्यातल्या न वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे चार रुपये त्याच्या खात्यात. मदत तशीच राहते, पण पाणी वाचवलं तर हातात पैसा पडतो. यासाठी प्रत्येक पंपाला मीटर लागतं, आणि आपल्याकडे अनेक पंपांचा हिशेब अजून अश्वशक्तीवरच चालतो. मीटर म्हणजे उद्याचं बिल, अशी शेतकऱ्याला भीती वाटते आणि ती निराधार नाही. म्हणून कोटा आणि दर कायद्याने लिहून द्यावेत, आणि सुरुवात रावेर-यावलच्या निवडक फीडरवर येत्या रब्बीच्या आत करावी. मोफत विजेची योजना मार्च 2029 पर्यंत मंजूर आहे. तोवर ती आजच्याच रूपात चालू राहिली, तर मधल्या प्रत्येक उन्हाळ्यात पाण्याची पातळी आणखी खाली गेलेली असेल.