घरी नीट चालणारा कॅमेरा सूतगिरणीत का अडतो? शूटआधीच्या चाचणीचं गणित

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ एमआयडीसीत कापड उद्योग आहेत. समजा, तिथल्या एका सूतगिरणीची फिल्म करायची आहे. मे महिना, दुपारची पाळी, फोर-के रेकॉर्डिंग. आदल्या रात्री घरी दोन मिनिटांची क्लिप काढून 'कॅमेरा ओके' म्हणणं ही चाचणी नव्हेच. कारण अडचण येते ती तिसऱ्या नाही, तिसाव्या मिनिटाला.

आधी कार्ड. पाकिटावर ठळक छापलेला १७० एमबीचा वेग बहुतेक वेळा वाचण्याचा असतो. शूटिंगला लागतो तो लिहिण्याचा वेग. कॅमेरा ४०० मेगाबिटवर लावला, तर ८ ने भागा : सेकंदाला ५० एमबी. कार्डवरचं V30 हे चिन्ह ३० एमबीचीच खात्री देतं, V60 हे ६० ची. म्हणजे इथे V30 कार्ड चाललं तर नशीब, मध्येच रेकॉर्डिंग थांबलं तर तक्रारीला जागा नाही. १२८ जीबीचं कार्ड या वेगाने साधारण ४२ मिनिटांत भरतं. ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून पूर्ण भरेपर्यंत चालवावं आणि शेवटची क्लिप उघडून पाहावी. बनावट कार्डंही अशीच पकडली जातात. कॅमेरा मात्र कोऱ्या भिंतीकडे लावू नये. काही सेटिंगमध्ये साध्या दृश्याला कमी डेटा लागतो, मग कार्डाचा कस लागतच नाही. वाऱ्यावर हलणारं कडुनिंबाचं झाड उत्तम.

हीच चाचणी दुपारी दोनला, गिरणीतच करता आली तर सोन्याहून पिवळं. अनेक मिररलेस कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं, आणि वऱ्हाडातला मे त्याच्या पुढे जातो. उष्णतेची सूचना कितव्या मिनिटाला आली, ते लिहून ठेवावं. पंचविसाव्या मिनिटाला आली, तर वीस मिनिटांचे टप्पे पाडून शूटचं वेळापत्रक लावता येतं.

खरी फजिती दिव्यांमुळे होते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/६० वर असेल तर चित्रात आडवे पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० वर ते जातात. स्लो मोशनसाठी १०० फ्रेम घेतल्या आणि शटर १/१०० पेक्षा वेगवान ठेवलं, की पट्टे किंवा लुकलुक परत येते. अशा वेळी ५० फ्रेमवर भागवावं किंवा स्वतःचे न लुकलुकणारे दिवे न्यावेत. काही स्वस्त एलईडींची लय तर वेगळीच असते, ती १/५० लाही जुमानत नाही. ती प्रत्यक्ष त्या दिव्याखालीच कळते आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर अनेकदा दिसतही नाही. क्लिप लॅपटॉपवर पाहावी.

लेन्स मात्र कापसाचे तंतू उडतात तिथे बदलू नये. सेन्सरवर काही बसलंय का, हे बाहेर येऊन f/16 वर निरभ्र आकाशाचा फोटो काढला की काळ्या ठिपक्यांवरून कळतं. सूर्य तेवढा फ्रेमबाहेर ठेवावा.