मूळ कंपनीचे कर्ज, व्याजाला ३० टक्क्यांची वेस

मांजरीतल्या एखाद्या कारखान्याने परदेशी मूळ कंपनीकडून कर्ज घेतले, असे समजा. व्याज ५ कोटी. व्याज, कर, घसारा वजा होण्यापूर्वीचा नफा १० कोटी. यातले ३० टक्के, म्हणजे ३ कोटींचेच व्याज खर्चात धरता येते. उरलेले २ कोटी पुढील ८ वर्षांत, मर्यादेत जागा उरली तरच वजा होतात. १ कोटीपर्यंतच्या व्याजाला मात्र हा नियम नाही.

२०१७ पूर्वी ही वेसण नव्हती. दाभोळ प्रकल्पात बांधकाम करणाऱ्या बेसिक्स कियर या बेल्जियन कंपनीचे भांडवल अवघे ३८ लाख, तर भागधारकांचे कर्ज सुमारे ९४ कोटी! प्राप्तिकर विभागाने व्याजाची वजावट नाकारली. पण कायद्यात तशी तरतूदच नसल्याने २०१२मध्ये मुंबई उच्च न्यायालयात विभाग हरला.